खणावरचा सोळा आणि फोनवरचा सोळा

माझ्या लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत मी भांडी पुसत होते आणि पुढे मामंजी रंगाऱ्याशी भांडत होते. नव्या सुनेने ऐकू नये असं त्यात काही नव्हतं, पण कोणी ऐकतंय हे दोघांच्या गावीही नव्हतं.

मामंजींचं सुई-दोऱ्याचं दुकान होतं. शिवणाच्या मशीनच्या सुया, रिळं, बटणं, हुक, चेन, सगळं मिळायचं. त्यांनी सुताराकडून अठ्ठेचाळीस खणांचं कपाट करून घेतलं होतं आणि प्रत्येक खणावर आतल्या मालाचा नंबर रंगवायचा होता. रंगाऱ्याजवळ इंग्रजी आकड्यांचे पत्र्याचे छाप तयार होते. त्याचं म्हणणं असं, की सुईच्या पाकिटावर इंग्रजीच आकडा येतो, तोच खणावर मारतो, तासाभरात काम उरकेल. मामंजी काही ऐकेनात.

शेवटी त्यांचा आवाज चढला. "अरे, पाकीट मी वाचतो. खण गिऱ्हाईक वाचतं. आपल्याकडच्या शिंप्यांना मराठी आकडा कळतो म्हणून मराठी काढायचा. उद्या त्यांना दुसरा कळायला लागला तर मी स्वतः पुसून दुसरा काढीन."

रंगारी म्हणाला, "मग रंग पातळच कालवतो. पुसायला बरा."

पण त्याने रंग चांगला घट्ट कालवला आणि दोन दिवस बसून हाताने आकडे काढले. माझे धाकटे दीर तेव्हा आठ वर्षांचे. ते शाळेतून आले तोवर भांडण संपलं होतं आणि आकडे ओले होते. त्यांनी सोळाच्या खणावर बोट फिरवलं आणि सहाचं शेपूट फिस्कटवलं. त्याबद्दल धपाटा खाल्ला. शेपूट मात्र तसंच राहिलं.

हेच आमचे भावजी. पुढे जवळजवळ साठ वर्षं ते त्या कपाटापुढे बसले. अंगाने काटकुळे, बोलायला सुईसारखे, आणि सुईसारखेच कामाचे. सुई अंगठ्याच्या नखावरून ओढून, न बघता नंबर सांगायचे. एखादी बाई म्हणाली की मशीन टाके सोडतंय, नवीन घ्यावं का, तर म्हणायचे, "आधी सुई बदला. नवरा बदलायचा विचार असेल तर तोही थोडा थांबून करा." बाया हसत आणि दोन सुया जास्त नेत.

आकडा मात्र मराठीच. पाटीवर मराठी, वहीत मराठी. घड्याळावर रोमन आकडे होते, त्याला इलाज नव्हता. कोणी विचारलं तर छाती काढून सांगायचे, "आमच्या बाबांनी भांडून मराठी आकडे लिहून घेतलेत." मी वरच्या मजल्यावर राहायचे, जाता-येता हे वाक्य शंभरदा ऐकलं असेल. ते अर्धंच आहे हे माझ्या मनात यायचं, पण दिराच्या तोंडचं वाक्य कोण दुरुस्त करत बसणार.

मग लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि गल्लीतले शिंपी एकेक करून गेले. एक दिवस शिवणक्लासची एक मुलगी आली, कपाटाकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, आजोबा, हे आकडे कसले? तिला सात आणि सहा यांतला फरक कळेना. भावजींनी हा किस्सा मला हसत हसत सांगितला, पण चहा अर्धा टाकून उठले.

त्यांच्या मुलाने मग विषय काढला. दुकानाची जागा एक मोबाईलवाला मागत होता. मुलगा वाईट नव्हता, त्याला बापाचं रिकामं बसणं बघवत नव्हतं. त्याची बायको, म्हणजे भावजींची सून म्हणाली, आधी माल साइटवर टाकून बघू. छोट्या दुकानदारांनी मिळून चालवलेली एक साधी साइट होती. मालाचा फोटो टाकायचा, त्याला नाव द्यायचं, खाली माहिती लिहायची. बाहेरगावचं माणूस शोधायच्या चौकटीत लिहितं आणि माल मागवतं. सुनेने सगळ्या खणांतल्या मालाचे फोटो काढले, तीनशेच्या वर झाले. नावं लिहिली, "मशीनची सुई 16 नंबर", "बटण 4 भोकी", अशी.

पहिल्या महिन्यात नऊ पार्सलं गेली. मग भावजींनी एकदा चष्मा लावून तिचा फोन बघितला.

पुढच्या तीन दुपारी ते सुनेच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि नावात आणि माहितीत, जिथे जिथे आकडा होता तिथे तिथे मराठी करून घेतला. तिच्या फोनवर मराठी आकडा सरळ दिसायचा नाही, इंग्रजी आकड्यावर बोट दाबून धरलं की वर उगवायचा. तिचा अंगठा दुखून आला. भावजींनी तिला शेकायला पाणी स्वतः गरम करून दिलं, पण एक आकडा सोडला नाही.

त्यानंतर पार्सलं थांबली. सगळ्यांनी आपापल्या परीने कारणं काढली. हंगाम नाही, परीक्षा आहेत, फोटो काळे आलेत. मुलाने महिनाअखेरची तारीख ठरवली. तोवर काही हललं नाही तर कपाट काढायचं आणि जागा मोबाईलवाल्याला द्यायची. भावजी हो म्हणाले. पण त्या दिवसापासून ते गिऱ्हाईक नसलं तरी रोज सगळे खण पुसायला लागले.

तारखेला दहा-बारा दिवस राहिले असतील. सून माझ्याकडे वर आली. मी बटाटे सोलत होते. ती म्हणाली, "मोठ्या आई, हे ऐका." साइटवाले दर महिन्याला एक यादी देत, की लोकांनी काय शोधलं आणि सापडलं नाही. तिने वाचायला सुरुवात केली. सुई 16. 16 नंबर सुई. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं सुई नंबर 16. 14 नंबर सुई मशीन. पानभर तेच. सगळ्यांचे आकडे इंग्रजी, अगदी बाकी शब्द मराठीत लिहिणाऱ्यांचेसुद्धा. पुढे एकच शेरा, काही सापडलं नाही.

मी म्हटलं, सोळा म्हणजे सोळाच ना, कसाही लिहा.

"आपल्याला. या साइटला नाही," ती म्हणाली. "तिला किंमत कळत नाही, आकार कळतो. लोकांनी लिहिलेला आकार आपल्या नावात नाही, म्हणून ती म्हणते माल नाही. मोठ्या ठिकाणी कधी कधी दोन्ही एकच धरतात, इथे नाही."

मग तिने माझाच फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, सुई मागा. मला इंग्रजी आकडे धड येत नाहीत, चौथीच्या आत शाळा सुटली. मी आपलं म्हटलं, सोळा नंबरची सुई. फोनने लिहिलं, "16 नंबरची सुई". मी बोलले मराठीत आणि त्याने परस्पर आकडा फिरवला. काही सापडलं नाही, हेही वर ऐकवलं. माल माझ्या पायाखालच्या खोलीत होता.

आम्ही दोघी खाली गेलो. सुनेने सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं. टाइप करताना इंग्रजी आकडा पुढे असतो, मराठी मागे दडलेला. शिवाय माणूस जुनं पाकीट हातात धरून लिहितं आणि पाकिटावर 16 असतं. भावजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, लोकांनी शिकावं. ती म्हणाली, शिकतील, पण महिनाअखेरपर्यंत नाही.

ते कपाटाकडे बघून म्हणाले, "बाबांनी भांडून लिहून घेतलेत हे. मी पुसायचे?"

तेव्हा मला बोलावं लागलं. "भावजी, तुम्ही शाळेत होतात. मी मागे भांडी पुसत होते." आणि मामंजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. गिऱ्हाईकाला कळतो म्हणून मराठी. उद्या दुसरा कळायला लागला तर मी स्वतः पुसीन. रंगाऱ्याचं पातळ रंगाचंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "साठ वर्षं का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे? तुम्ही सांगत होतात, मी ऐकत होते."

त्यांनी सोळाच्या खणावरच्या फिस्कटलेल्या शेपटावर बोट ठेवलं. मग सुनेला म्हणाले, नावात मराठी राहू दे, इंग्रजी खाली माहितीत घाल. ती नरमाईने म्हणाली, तसं केलं तर सापडेल, पण फार खाली. ही साइट आधी नावात बघते, नाव जुळलेला माल वर लावते, माहितीत जुळलेला मागाहून. लोक पहिले चार-पाच बघतात आणि निघून जातात.

"मग माझा सोळा गेलाच की."

"नाही, तो माहितीत हवाच आहे. जो तुमच्यासारखा लिहील त्याला तिथून मिळेल."

असं ठरलं. नावात 16, एकदाच. खाली माहितीत साध्या वाक्यात, ही सोळा नंबरची सुई, १६ नंबर, जाड कापडासाठी. पाकिटावर 100/16 असं दुहेरी माप असतं आणि कोणी नुसतं शंभरही शोधतं, हे भावजींनाच आठवलं, तेही घातलं. सगळेच आकडे नावात कोंबू का, असं मी विचारलं, तर सून म्हणाली, मग ते नाव कोणाला वाचताच येणार नाही. कपाटाला कोणी हात लावायचा नाही, हेही ठरलं. खणावर कोणी टाइप करत नाही.

सुयांपासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी दोन पार्सलं गेली, महिनाअखेरीला सतरा. मुलाने तारखेचा विषय काढला नाही आणि मोबाईलवाल्याला कोपऱ्यावर दुसरी जागा मिळाली.

पुढे यादी आली की भावजी सुनेला विचारायचे, "आमच्यातला कोणी आला का?" म्हणजे मराठी आकडा लिहून शोधणारा. शंभरात तीन-चार निघायचे. त्यातल्या एकाने सुया मागवल्या, तेव्हा भावजींनी पाकिटात दोन जास्त घातल्या आणि कोणाला सांगितलं नाही. सुनेने मला सांगितलं.

असं तीन वर्षं चाललं. या हिवाळ्यात एका सकाळी ते झोपेतून उठले नाहीत. आजारबिजार काही नव्हता. आदल्या दिवशी चार वाजता रोजच्यासारखी त्यांनी जिन्यातून हाक मारली होती, "वहिनी, पोस्टात जातोय, काही टाकायचंय?" माझ्याकडे कधीच काही नसायचं. मी म्हटलं, असतं तरी तुम्ही पिशवीतच विसरला असता. ते खाली हसले. मी खिडकीतून पाहिलं. पायरीवर बसून त्यांनी दोन पार्सलं मांडीवर घेतली, छापील चिठ्ठीवरच्या 16 खाली निळ्या पेनाने आपला १६ काढला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पिशवी खांद्याला लावून निघाले. पाचला परत आले, पोस्टाच्या पावत्या सोळाच्या खणात ठेवल्या आणि खण लोटला.