पेजचा एकच आवाज

आमच्या रोपवाटिकेचं ऑफिस बारामतीत आणि रोपं वरकुट्याला. मी ऑफिसात बसायचे, कोपऱ्यातल्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून. ती जागा मीच मागून घेतली होती.

फेसबुकवर आमचं एकच पेज होतं आणि त्यावर तिघं जण लिहायचे. मालक लिहायचे, 'भावांनो, मिरचीचं बुकिंग फुल्ल जोरात!' काउंटरवरच्या ताई रोज सकाळी फुलांचं चित्र टाकायच्या आणि खाली 'प्रिय ग्राहक, आपला दिवस मंगलमय जावो.' वरकुट्याच्या शेडनेटमध्ये रोपं सांभाळणारे तात्या पोस्ट टाकत नसत. लोकांनी खाली काही विचारलं तर तेवढ्याला उत्तर द्यायचे, जसं बोलतात तसं.

एक दिवस मालक माझ्या टेबलाशी आले. "एका गिऱ्हाइकानं विचारलं, तुमचं पेज हॅक झालंय का? म्हणाला, सकाळी देवघर, दुपारी तालीम आणि संध्याकाळी पारावरचा म्हातारा. तुम्ही असं करा, एक कागद तयार करा. कुणीही लिहिलं तरी एकाच माणसानं लिहिल्यासारखं वाटलं पाहिजे."

मला काम आवडलं. त्यात कुणाशी बोलावं लागणार नव्हतं, असं मी धरून चालले. चुकीची सुरुवात तिथेच झाली असावी.

चार दिवस मी लिहीत होते. आधी इंग्रजीत, कारण शाळेपासून मला नियम इंग्रजीतच सुचतात, मग ते मराठीत. वाचणाऱ्याला 'तुम्ही' म्हणायचं, 'आपण' नाही आणि 'भावांनो' तर नाहीच. स्वतःला 'आम्ही'. एका पोस्टमध्ये फार तर एक इमोजी. 'हमखास', 'गॅरंटी' हे शब्द नकोत. तक्रार आली तर वाद घालायचा नाही, फोन नंबर मागायचा. नेहमीच्या दहा प्रश्नांची तयार उत्तरं. उत्तर दोन ओळींत. आणि ग्राहकाला उलट प्रश्न विचारायचा नाही. त्याला उत्तर हवं असतं, चौकशी नको असते. हे मी कुठल्याशा परदेशी सल्ल्यात वाचलं होतं आणि मला ते पटलं होतं. मला स्वतःला कुणी काही विचारलेलं आवडत नाही.

कागदाच्या शेवटी दोन रकाने केले, 'असं लिहा' आणि 'असं नको'. उदाहरणं खरी असावीत म्हणून पेजवरूनच उचलली. 'असं नको'मध्ये मालकांचं काही टाकायची माझी हिंमत झाली नाही. ताई त्याच खोलीत बसायच्या. म्हणून तिथे तात्यांची एक कॉमेंट चिकटवली आणि तिच्यावर लाल फुली मारली:

'माती कसली हाय? पाणी हिरीचं का कॅनॉलचं? लावून किती दिस झालं? मग सांगतो.'

नाव झाकलं होतं. मालकांनी कागद लॅमिनेट करून एक ऑफिसात लावला आणि एक वरकुट्याला पाठवला.

पेज खरंच नीटनेटकं झालं. ताईंनी फुलं बंद केली, मालक 'भावांनो' गिळून टाकू लागले. तात्यांच्या बोलीतलं उत्तर मात्र एकही दिसलं नाही. तेही कागदाप्रमाणे लिहीत असतील असं मी समजले. तसं समजणं सोयीचं होतं.

मग काटेवाडीच्या एका माणसानं लिहिलं, टोमॅटोची रोपं लावल्यापासून माना टाकतायत. ताईंनी कागदातलं तिसरं उत्तर टाकलं, 'लागवडीनंतर काही दिवस नियमित हलके पाणी द्या. धन्यवाद.' त्याची जमीन काळी, भारी होती, पाणी आधीच जास्त झालेलं. त्यानं आणखी दिलं. आठवड्यानं त्यानं उपटलेल्या रोपांचा फोटो टाकला, मुळं तपकिरी पडलेली, आणि खाली लिहिलं, 'पूर्वी इथं एक जण आधी विचारायचे, मग सांगायचे. ते कुठं गेले?'

ताईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मी तुमचंच टाकलं हो," एवढंच म्हणाल्या.

मालकांनी त्याला नवीन रोपं दिली. मला म्हणाले, "वरकुट्याला जा आणि तात्यांना परत लिहायला लावा. लोक त्यांच्यासाठी येतात, हे आता कळलं मला."

मी इंदापूरच्या गाडीत बसले आणि सगळा रस्ता काय बोलायचं ते मनात लिहीत गेले. शेडनेटमध्ये शिरले तेव्हा त्यातलं एकही वाक्य आठवेना. तात्या रोपांचे वापरलेले ट्रे धूत होते. माझा कागद खांबाला टांगलेला होता.

"या मॅडम. हितं चिखूल हाय, जपून."

"तात्या, तुम्ही पेजवर लिहीत नाही हल्ली."

"कागदात न्हाय म्हणलंय की." त्यांनी ट्रे झटकला. "नातीनं वाचला. म्हणली, आबा, ही फुली मारल्याली तुमचीच हाय. म्हणलं, व्हय, माझीच. आयुष्यात पहिल्यांदा छापून आलो, त्ये बी फुली घिऊन."

ते हसले. मला हसता आलं नाही.

"माझं चुकलं."

"आवो, ऱ्हाऊ द्या. पर एक सांगतो. औषध कुणीबी सांगतंय. बघितल्याबिगर सांगायचं म्हंजी अंदाज झाला. मला हितनं त्याचं रान दिसत न्हाय, मग इचारल्याबिगर करू काय?"

मी वही काढली. ते ट्रे धूत होते, मी खाली बसून लिहीत होते. माती, पाणी, दिवस. मग पानं खालून पिवळी का शेंड्याकडून. पाणी सकाळी देता का दुपारी. कोणत्या उत्तरावर पुढं काय विचारायचं आणि कुठं थांबून 'फोटो पाठवा' म्हणायचं. दोन तासांत त्यांनी मला एकदाही घाई केली नाही.

निघताना विचारलं, "परत लिहाल ना?"

"आता तुमास्नी येतंय की सगळं. तुमीच लिवा." आवाजात राग नव्हता. असता तर मला काही बोलता आलं असतं.

नवीन कागद झाला. सगळ्यात वर, उत्तराआधी तीन प्रश्न. तात्यांची कॉमेंट दुसऱ्या रकान्यातून पहिल्यात घेतली, फुली काढून, त्यांच्याच शब्दांत. ताई विचारू लागल्या, मालकही. काटेवाडीच्या माणसानं नव्या रोपांबद्दल काही विचारलं, ताईंनी आधी पाणी किती वेळा देता ते विचारलं. त्यानं लिहिलं, 'आले का परत? बरं झालं.' ताईंनी ते तसंच राहू दिलं. मीही.

मालक खूश होते. "आता कळतच नाही कोण लिहितंय."

नवीन कागद द्यायला मी पुन्हा वरकुट्याला गेले. तात्यांना मोबाइलवर काटेवाडीचं सगळं दाखवलं. मनात होतं, हे वाचून तरी लिहायला लागतील. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं.

"ह्ये मी कवा लिवलं?"

"ताईंनी लिहिलंय."

"आसं व्हय." त्यांनी मोबाइल परत दिला. "चांगलं लिवलंय. मग माझं काय काम आता?"

नवीन कागद त्यांनी खांबाला टांगला. जुना कुठं टाकला म्हणून मी बघितलं. तो पाण्याच्या बादलीवर झाकण म्हणून ठेवला होता, छापील बाजू वर. लाल फुलीवर एक दगड होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून.