टिंबकाकूंचा कागद

आमच्या केकच्या दुकानात मागच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना सगळे टिंबकाकू म्हणतात. मी काउंटरवर असते, ऑर्डर घेते, लोकांची बोलणी खाते. काकू बोलणी खात नाहीत. गेली बावीस वर्षं त्या केकवर फक्त अक्षरं लिहितात. बटरपेपरचा शंकू, त्यात वितळलेलं चॉकलेट, टोक कात्रीने केसभर कापलेलं, आणि मग एक रेघ, एक टिंबही इकडचं तिकडे होणार नाही. म्हणून टिंबकाकू.

लोकांचं मात्र डोकं फिरलंय. लग्नाचा वाढदिवस असला की आपल्या भाषेतल्या शुभेच्छा यांना पचत नाहीत. कोणी आठ दिवस परदेशात फिरून आलेला असतो, कोणाच्या व्याह्यांनी मागच्या वर्षी इटालियनमध्ये लिहून घेतलेलं असतं. मग यांना फ्रेंच हवं. घरात दोघं धड बोलत नाहीत एकमेकांशी, पण केकवर फ्रेंच!

तर काकूंचा एक नियम. परक्या भाषेतली ओळ असेल तर गिऱ्हाइकाने ती कागदावर स्वतःच्या हाताने मोठी लिहायची. अक्षरावरची रेघ डावीकडून चढते की उतरते, अक्षर एकेरी की दुहेरी, सगळं त्यात दिसलं पाहिजे. खाली सही. काकूंना ना फ्रेंच येत, ना इटालियन. "मला येत नाही हे मला येतं," असं त्या म्हणतात. हा नियम त्यांनी एकदा पोळल्यावर केला. फोनवर कोणीतरी सांगितलं, 'पंचवीस वर्षं एकत्र', इटालियनमध्ये. वर्षांच्या शब्दात n दोनदा येतो, काकूंनी एकदाच लिहिला. एक गळला की वर्षांच्या जागी शरीराचा कुठला भाग येतो ते मी सभ्य बाई असल्यामुळे सांगणार नाही, पण त्या घरचे पाहुणे खुर्चीवर नीट बसू शकले नाहीत, एवढं सांगते. तेव्हापासून काकूंनी कानाला खडा लावला.

मग मालकांनी दुकान जावयाच्या हाती दिलं. जावई म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने काय केलं, तर ऑर्डरसाठी संगणक आणला आणि साखरेच्या कागदावर खाण्याच्या शाईने छापणारं मशीन आणलं. चिठ्ठीत येईल तेच केकवर जाणार, मध्ये कोणी शहाणपणा करायचा नाही. काकूंच्या कागदाला तो 'जुनाट कटकट' म्हणायचा. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याने काकूंना माझ्यासमोर सांगितलं, "आणखी एका गिऱ्हाइकाने तुमच्या त्या कागदाची तक्रार केली, की मशीन आहे आणि तुम्ही घरी."

काकूंच्या घरी आजारी नवरा आहे, दुसरं कमावणारं कोणी नाही. मला रात्रभर झोप लागली नाही. काकू मात्र दुसऱ्या दिवशी शंकू वळत बसल्या होत्या. बाई आहे की दगड!

आणि नेमके तेव्हाच साहेब आले. साहेब म्हणजे क्लबचे अध्यक्ष. वर्षाला आमच्याकडून पंधरा-वीस केक नेतात आणि प्रत्येक वेळी उपकार केल्यासारखे नेतात. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. ओळ त्यांनी घरूनच मोबाइलवरून पाठवली होती, फ्रेंचमध्ये, आणि आमच्या चिठ्ठीवर ती अशी उतरली: Joyeux anniversaire, ma ch?rie.

काकूंनी चिठ्ठी उजेडात धरली. "साहेब, इथे मधे प्रश्नचिन्ह आहे. संगणकाला रेघवालं अक्षर झेपलेलं नाही. तुम्ही जरा हाताने लिहून द्या."

"मी? केक मी मागवायचा आणि लिहायचंही मीच?" साहेबांचा आवाज आख्ख्या दुकानात. "मला फ्रेंच शिकवताय का तुम्ही? मॅनेजर कुठे आहे?"

जावई धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर लगेच लाचार हसू. काकूंकडे न बघताच म्हणाला, "साहेब, मशीनवर छापतो. एकदम अचूक." मग काकूंना, हळू आवाजात, "तुमचं मी उद्या बघतो."

मी चिठ्ठी परत एकदा त्याच्यापुढे धरली. "दादा, प्रश्नचिन्ह..." तर म्हणाला, "फ्रेंचमध्ये असतं तसं." पालथ्या घड्यावर पाणी!

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खोका घेऊन गेले. दुपारी दोनला तोच खोका घेऊन परत, आणि तोंड लाल. घरी झाकण उघडून बघितलं होतं. बायको अजून बाहेर होती, तेवढं नशीब. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा प्रिये म्हणतोय, आणि त्यात प्रश्नचिन्ह? माझी बायको तीस वर्षं कॉलेजात फ्रेंच शिकवायची! संध्याकाळी तिचे सगळे सहकारी येणार आहेत! कोणी केलंय हे?"

जावयाने डोळ्याची पापणी न लववता बोट दाखवलं. "लिहिण्याचं काम काकूंकडे असतं."

मला त्या क्षणी त्याच्या डोक्यात ट्रे घालावासा वाटला. खरंच सांगते.

काकू उठल्या. "साहेब, मी लिहिलं असतं तर माझ्याकडे तुमच्या सहीचा कागद असता. काल तुम्ही दिलात का?"

काल काय बोललो ते साहेबांना आठवत होतं, आणि माझ्यासकट दहा जणांनी ऐकलं होतं. जावयाकडे त्यांनी असं बघितलं की तो एकदम फ्रिजचं तापमान तपासायला लागला.

"दुरुस्त होईल?"

"होईल. पांढऱ्या चॉकलेटच्या पट्टीवर लिहून वर ठेवते, छापील झाकलं जाईल. पण आधी कागदावर द्या. नीट कसं लिहितात ते."

साहेबांनी पेन घेतलं. घाम आला त्यांना. एकदा रेघ चढवली, एकदा उतरवली, दोन्ही खोडली. "मोबाइलवर कुठूनतरी उचललं होतं," अगदी पुटपुटत म्हणाले. अहो, काल तर फ्रेंच यांच्या खिशात होतं!

"ज्यांना येतं त्यांना विचारा," काकू म्हणाल्या.

साहेबांनी बायकोला फोन लावला. "अगं... हे चेरी, त्याच्यावर रेघ कुठे असते?"

पलीकडून बाईंचा आवाज, स्पीकर चालू नव्हता तरी मला स्पष्ट ऐकू आला. "चेरी नाही, शेरी. कोणासाठी हवंय?"

"तुझ्यासाठीच," साहेब म्हणाले. कान लाल.

मग बाई एक एक अक्षर सांगू लागल्या, मुलांना शुद्धलेखन घालतात तसं. पहिल्या e वर रेघ, खालून वर उजवीकडे चढणारी. शेवटचा e विसरायचा नाही, बायकोला म्हणताय. नुसतं anniversaire लिहिलंत तर लोक जन्मदिवस समजतील, पुढे लग्नाचं de mariage घाला, आणि त्यात r एकच, इंग्रजीसारखे दोन नाहीत. साहेब लिहीत होते, विचारत होते, परत वाचून दाखवत होते. चुकले की बाई पुन्हा सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी वाट बघितली, तुम्ही कधीतरी एक शब्द विचाराल म्हणून." साहेबांनी कागदावर सही केली.

काकूंनी कागद समोर ठेवून पट्टी लिहिली. शेवटी श्वास रोखून ती एक रेघ दिली. साहेबांनी फोटो काढून बायकोला पाठवला. लगेच उत्तर आलं, बरोबर आहे.

जाताना साहेब जावयाला म्हणाले, "क्लबचे केक ह्या लिहीत असतील तरच."

'उद्या बघतो' म्हणाला होता, पण त्या दिवशीही आणि दुसऱ्या दिवशीही जावयाने काकूंना काढायला आत बोलावलं नाही. जावई माफी मागेल? कुठला! मशीन मुलांच्या फोटोंसाठी कोपऱ्यात सरकलं. पण आता परक्या भाषेतली ऑर्डर आली की तो गिऱ्हाइकाला थांबवतो, आत डोकावतो आणि मला विचारतो, "काकू आल्यात ना?" मी 'आल्यात' म्हटल्याशिवाय तो ऑर्डर घेत नाही.