कळेनाकाकांचा रकाना

आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात खिडकीजवळ एक काका बसायचे. "मला काही कळेना" हे वाक्य ते दिवसातून वीसदा म्हणत, म्हणून आम्ही त्यांना कळेनाकाका म्हणायचो. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं.

त्यांचं आणि माझं काम एकच. दुकानं, दवाखाने, गोदामांचे भाडेकरार वाचायचे आणि त्यातलं नेमकं तेवढं तक्त्यात भरायचं. पक्षकार कोण, भाडं किती, डिपॉझिट कधी परत, लॉक-इन म्हणजे जागा सोडता येत नाही तो काळ कुठवर, नूतनीकरण कसं, करार संपवायला नोटीस किती. चाळीस पानांची एक ओळ झाली की पुन्हा करार उघडावा लागू नये, हीच तर तक्त्याची गंमत. मी दिवसाला पाच करार उडवायची. काका एक, तोही रडतखडत.

कारण काका करार मागून वाचायचे. आधी परिशिष्टं, मग सह्या, शेवटी पहिलं पान. प्रत्येक रकान्यात उत्तराखाली कलमाचा नंबर, आणि शंका आली तर चक्क "कळत नाही, कलम अमुक बघावं." साहेब वैतागायचे. "अहो, अशिलाला उत्तर हवं असतं, तुमचा गोंधळ नको!" मी हसायची. माझ्या तक्त्यात एकही रकाना रिकामा नसे, याचा मला भारी तोरा होता.

सप्टेंबरात एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा फोन आला. भाड्याच्या जागेत दवाखाना, करार पाच वर्षांचा. "मला पुढची पाच वर्षं इथेच राहायचंय. काय करू?" मी तक्ता उघडला. मुदत फेब्रुवारीअखेर, आणि मुदतवाढ हवी तर किमान सहा महिने आधी लेखी नोटीस. "बाई, नोटिशीची मुदत ऑगस्टमध्येच टळली," मी सांगितलं. "मग दुसरी जागा बघायला हवी," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

एकोणतीस नोव्हेंबरला त्या ऑफिसात आल्या. जागा सोडायचं पत्र हवं होतं, डिपॉझिटच्या उल्लेखासह. ते लिहायचं काम काकांकडे गेलं. त्यांनी तक्ता बाजूला सारून मूळ करार काढला. शेवटून.

"मला काही कळेना," तासाभराने ते म्हणाले. "ही तीन तारखांची काय भानगड आहे गं?"

"कसल्या तीन?"

"करारावर एक मार्च. मागे ताबापावती, तिच्यावर एक एप्रिल. आणि भाडं सुरू एक जूनपासून, मधले दोन महिने फर्निचरसाठी माफ. मग पाच वर्षं कुठून मोजायची?"

"पहिल्या पानावरून. तक्त्यात आपोआप मोजलं जातं, काका."

"तू कलम तीन वाचलंस?"

वाचलं होतं. 'प्रारंभ दिनांकापासून पाच वर्षे.' मला वाटलं, प्रारंभ म्हणजे कराराचीच तारीख. काका मागे-पुढे पानं उलटत बसले. एकदा म्हणाले मार्च, मग म्हणाले एप्रिल, मग डोकं खाजवलं. माझंही डोकं भणभणलं. काका आपले पुन्हा पहिल्या कलमाशी, व्याख्यांच्या जंगलात, जिथे मी कधी थांबतच नसे. त्यांचं बोट एका ओळीवर अडलं: 'प्रारंभ दिनांक म्हणजे ज्या दिवशी भाडे देय होते तो दिवस.'

एक जून. म्हणजे मुदत मेअखेर. म्हणजे नोटिशीची शेवटची तारीख तीस नोव्हेंबर.

"उद्या," काका म्हणाले.

समोर बसलेल्या बाईंना काहीच उमजेना. "म्हणजे मी जाऊ का राहू?" त्या विचारत होत्या. काकांनी त्यांना व्याख्या दोनदा वाचून दाखवली, तिसऱ्यांदा मी.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं मालकांच्या घरी गेलो. नोटीस हातात दिली, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घेतली. दुसऱ्या दिवशी तीच रजिस्टर पोस्टानेही धाडली. करारात नूतनीकरण हा भाडेकरूचा हक्क होता, मालक नाही म्हणू शकत नव्हते. बाईंची जागा राहिली.

मालकांच्या घरून निघताना जिन्यात त्या थांबल्या. "अडीच महिने मी जागा शोधत हिंडले. पाच पेशंट दुसरीकडे पाठवले, त्यातल्या एका आजोबांनी मग व्यायामच सोडला. सप्टेंबरमध्ये तुम्ही मला कशावरून सांगितलं होतं?"

"तक्त्यावरून."

"आणि तक्ता कोणी भरला होता?"

काका घाईघाईने म्हणाले, "आमच्या ऑफिसने." ते मला पाठीशी घालत होते, आणि मला माझीच अतोनात लाज वाटली.

"मी भरला होता," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी माझे जुने तक्ते उघडले. दोनशे ओळी, सगळे रकाने भरलेले, आणि त्यातलं किती खरं, ते मला काही कळेना.