बोंबील राखणारा कुत्रा आणि प्रेडनिसोलोनच्या गोळ्या

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पालघरला गुरांचा डॉक्टर होतो. म्हणजे पाटीवर गुरं. दारात बकऱ्या, कोंबड्या आणि लोकांची भांडणंसुद्धा यायची. एका सकाळी सातपाटीची एक मावशी कुत्र्याला टोपलीत घालून रिक्षाने आली आणि टोपली टेबलावर ठेवायच्या आत तिने निकाल देऊन टाकला, कोणीतरी जळून ह्याला उंदराचं औषध घातलंय. शेजारणींपैकी कोण, तेही तिने जवळजवळ ठरवलं होतं.

कुत्रा गावात नावाजलेला. वाळत घातलेले बोंबील राखायचा आणि स्वतः त्यांच्या शेपटीलासुद्धा तोंड लावायचा नाही. मावशीचा सगळा तोरा त्या कुत्र्यावर. आजूबाजूच्या बायका आपली मासळी त्याच्या भरवशावर टाकून बाजाराला जायच्या.

ओठ उचलला तर हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, पोटावर निळे-जांभळे डाग, शी काळी. उंदराच्या औषधाने रक्त गोठेनासं होतं आणि बहुधा छातीत, सांध्यात मोठा रक्तस्राव होतो. असे बारीक ठिपके पडले की मला आधी प्लेटलेट आठवतात, रक्त थांबवणाऱ्या त्या चिमुकल्या पेशी. पायाच्या शिरेतून बारीक सुईने रक्त काढलं आणि मावशीला तिथे बोट दाबून बसवलं. काचेच्या नळीत रक्त वेळेवर गोठलं, म्हणजे विषावरचा माझा संशय गेला. शेजारीण सुटली.

नमुना बोईसरच्या लॅबमध्ये पाठवला. आकडा आला आठ हजार. निरोगी कुत्र्यात दोन लाखांच्या आसपास तरी हवा. पण रक्त काढताना रेंगाळलं तर प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मोजणी फसते, म्हणून आकड्यावर विश्वास न ठेवता मी स्वतः काचेवर रक्ताचा पातळ थर ओढून ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. गठ्ठे असलेच तर थराच्या टोकाशी जमतात. तिथे काही नव्हतं. बाकी काचभर हिंडलो तर मुश्किलीने एखादी प्लेटलेट दिसायची. आकडा खरा होता.

मग एकेकाला बाद करत गेलो. मधे कसलं औषध दिलं होतं का? नाही. वाढलेली प्लीहा किंवा गाठी हाताला लागत नव्हत्या. गोचिड्या मात्र होत्या. त्यांच्या तापाचे जंतू काचेवर दिसले नाहीत, पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, म्हणून त्यावरचं डॉक्सिसायक्लिन सुरू केलंच. उरला एकच उमेदवार: शरीराची स्वतःची फौज आपल्याच प्लेटलेट परक्या समजून खात होती. त्या फौजेला आवरायला प्रेडनिसोलोन, आधी पूर्ण मात्रेत, आकडा नीट झाल्यावर महिनोन्‌महिने हळूहळू उतरवत. मध्येच बंद करायचं नाही, हे मावशीला दोनदा सांगितलं. भूक फार लागेल, हेही सांगितलं. ती म्हणाली, भात वाढवीन.

आठवड्याभरात ठिपके विरले, आकडा लाखावर गेला. मी शीळ घालत फिरत होतो. पुढच्या खेपेला मावशी तोंड पाडून आली. हिरड्यांवर पुन्हा लाल ठिपके. गोळ्या तिनेच थांबवल्या होत्या.

कारण ऐकून मला हसावं की ओरडावं कळेना. भुकेने वेडा झालेला कुत्रा बोंबलांवर तुटून पडला होता, तेही शेजारणींच्या. आता बायका मासळीवर फडकी घालून बसत, आणि मावशी मान खाली घालून चालत होती. तिला वाटलं, गोळ्यांनी कुत्र्याची नियत बिघडली.

मी चिडलो. नियतबियत काही बिघडलेली नाही, हे औषधाने लागलेलं भुकेचं वेड आहे, ते बंद केलं तर कुत्रा रक्त जाऊन मरेल, असं तडकून सांगितलं. पूर्ण मात्रा परत सुरू केली. जोडीला, त्याच फौजेला आवरणारं दुसरं औषध म्हणून, मुंबईहून अ‍ॅझाथायोप्रिन मागवलं. ते सावकाश, काही आठवड्यांनी लागू पडतं, पण मग प्रेडनिसोलोन लवकर उतरवता येतं. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून रक्त तपासत राहायचं होतं. तोवर कुत्र्याला बांधायचं.

मावशी बराच वेळ कुत्र्याच्या कानामागे खाजवत बसली. मग गोळ्यांची पुडी पदरात बांधून गेली.

पुढच्या पावसाळ्याआधी सगळी औषधं सुटली. आकडा टिकला. सातपाटीला बकऱ्यांना टोचायला गेलो तेव्हा तिच्या अंगणात डोकावलो. कुत्रा सुटा होता, गुटगुटीत, आणि माझ्या डोळ्यांदेखत मावशीच्याच टोपलीतला बोंबील उचलून पसार झाला. औषध सुटलं होतं, चटक सुटली नव्हती. मला उगाचच अपराधी वाटलं. म्हटलं, मावशी, तुमचा राखणदार गेला की हो.

तो पळाला तिकडे ती बघत होती, हातातली काठी तशीच खाली.

"चोर तर चोर, डाक्टर," ती म्हणाली. "पन हाय ना."