वीत्स्केचे 'जर' आणि 'तर'

नेदरलँड्समधल्या लेवार्डनला, घरं गरम ठेवणाऱ्या बॉयलरांच्या आमच्या मदत कचेरीत वीत्स्के बावीस वर्षं फोन घेते. गप्प बसणं तिला कधी जमलेलं नाही, आणि खरं सांगतो, तिच्याशिवाय ते ऑफिस मला सोसलं नसतं.

मार्चमध्ये गेर्बेन फोनवर कामाला आला. जन्मांध, आवाज मधासारखा. संगणक त्याला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवायचा. पण आमची सगळी कार्यपद्धती चौदा स्लाइडांवर, चौकोन, शंकरपाळे आणि बाणांत. संगणक म्हणायचा, "चित्र." पुढची स्लाइड, "चित्र." शुक्रवारी त्याची परीक्षा होती. नापास झाला तर नोकरी गेली.

"आण इकडे ती शंकरपाळी," वीत्स्के म्हणाली आणि संगणकावर लिहायला बसली. प्रत्येक शंकरपाळ्याचा एक प्रश्न, प्रत्येक बाणाचं एक 'जर'. बाण दुसऱ्या स्लाइडवर गेला की 'पायरी नऊवर जा'.

सहाव्या स्लाइडला ती खोटी ग्राहक झाली, गेर्बेन संगणकाचं ऐकून सांगू लागला.

"जर बॉयलरमधला दाब एक बारपेक्षा कमी असेल, तर दीडपर्यंत पाणी भरा. उद्या पुन्हा दाब बघा. जर एकपेक्षा कमी असेल, तर पाणी भरा..."

"भरलं!"

"उद्या पुन्हा बघा."

"पुन्हा कमी!"

"भरा! बाई, घरात होडी आहे का हो?"

आम्ही हसून हसून टेबलावर पडलो. बाण गोल फिरत होता, बाहेर यायला वाटच नव्हती! वीत्स्केनं मेकॅनिक श्यूर्डला फोन लावला.

"एकदा भरून पुन्हा उतरला म्हणजे गळती. माणूस पाठवायचा. हे सगळ्यांना माहीत असतं," तो म्हणाला.

"सगळ्यांना म्हणजे तुला, शहाण्या," म्हणत तिनं नवं 'जर' लिहिलं.

शुक्रवारी आमच्या साहेब तेर्पस्त्राबाई छापलेली स्लाइड हातात धरून ग्राहक झाल्या.

"काल पाणी भरलं, आज पुन्हा दाब कमी."

"म्हणजे गळती असावी. आता भरू नका, उद्या सकाळी मेकॅनिक पाठवतो."

"चूक," बाईंनी पेन उचललं. "इथे 'पाणी भरा' लिहिलंय."

गेर्बेनचा चेहरा पांढरा पडला.

"मग भरा ना बाई!" वीत्स्के ओरडली. "बोट ठेवा बाणावर आणि भरत राहा!"

बाईंनी खरंच बोट ठेवलं. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सहा वर्षांपूर्वी हे मीच काढलंय," त्या कशाबशा म्हणाल्या. "गेर्बेन, सोमवारी आठ वाजता कामावर ये. आणि वीत्स्के, तो मजकूर सगळ्यांना दे. आधी मला."