श्रीलंकेच्या सहलीचा परत न आलेला कर

मरण्याआधी अनुराधापूरचा बोधिवृक्ष एकदा पाहायचा, असं मावशी वर्षानुवर्षं म्हणायची. मी सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले आणि मनावर घेतलं. मावशी, तिचे दोन मुलगे, सुना आणि मी, अशा आम्ही सहा जणांनी श्रीलंकेला जायचं ठरवलं.

नागपुरात रामदासपेठेतल्या एका लहानशा ट्रॅव्हल एजंटकडे मी बुकिंग केलं. बिलात सहलीच्या रकमेवर शेकडा पाच जास्तीचे लावलेले होते. मी विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, हा टीसीएस कर आहे. परदेशी टूरवर सरकारसाठी आम्हाले घ्यावाच लागतो. तुमच्या पॅनवर जमा होते. रिटर्न भरलं का वापस."

काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवर जगणाऱ्या मावशीच्या घरात कुणीच रिटर्न भरत नव्हतं. म्हणून सगळं बुकिंग माझ्या नावावर, माझ्या पॅनवर करायचं ठरलं. प्रत्येकानं आपला वाटा माझ्याकडे दिला. मी मावशीला म्हटलं, "माझ्या पेन्शनवर कर बसत नाही. तो पूर्ण परत येईल. आला की ज्याचा त्याला देईन." ते वाक्य मी किती सहज बोलून गेले!

सहल छान झाली. त्या झाडाखाली मावशी हात जोडून बसली, ती उठायलाच तयार नव्हती. तिचा तेव्हाचा चेहरा आठवला की आजही गलबलून येतं.

पुढच्या जुलैत मी रिटर्न भरायला सीएकडे गेले. त्यांनी पोर्टलवर माझं सव्वीस एएस उघडलं. आपल्या पॅनवर किती कर जमा झाला, ते त्यात दिसतं. पेन्शनची नोंद होती, सहलीची नव्हती.

"अहो, बिलात तर आहे," मी म्हटलं.

"बिलाला अर्थ नाही ताई. एजंटनं दर तिमाहीचं स्टेटमेंट तुमच्या पॅनसह भरलं, तरच इथं दिसतं. ते फक्त तोच भरू शकतो. मला काही करता येत नाही. तुम्हाला टीसीएसचं प्रमाणपत्र दिलं का त्यानं?"

प्रमाणपत्र असं काही असतं, हेच मला माहीत नव्हतं.

एजंटकडे गेले. "मॅडम, पैसे भरून टाकले, फक्त स्टेटमेंट राहिलं. आमचा अकाउंटंट सुट्टीवर आहे. आठ दिवसांत दिसते." आठाचे पंधरा झाले. मग तो फोन उचलेना. रिटर्नची मुदत संपत आली, तेव्हा सीएंनी बिलाच्या आधारावर टीसीएस दाखवून रिटर्न भरलं. "जमलं तर जमलं," ते म्हणाले. काही आठवड्यांनी आयकर खात्याकडून उत्तर आलं: नोंद जुळत नाही, परतावा शून्य. मी ऑनलाइन तक्रार केली. कर गोळा करणाऱ्याशी संपर्क साधा, एवढंच उत्तर मिळालं.

मी पुन्हा रामदासपेठेत गेले. शटर खाली होतं आणि त्यावर भाड्यानं देण्याची पाटी लागली होती. शेजारच्या मेडिकलवाल्यानं सांगितलं, "तो तं गेला ना, ताई. बरेच लोक येऊन राहिले त्याले शोधत."

सीए म्हणाले, "खातं त्याच्यावर कारवाई करील, दंड लावील. पण तुमच्या पॅनवर नोंद चढल्याशिवाय तुम्हाला काही मिळणार नाही."

आता मावशीला काय सांगायचं? मी जमलं तसं सांगितलं. तिला सव्वीस एएस काय कळणार! तिचा मोठा मुलगा फक्त "अच्छा" म्हणाला. मग फोन कमी झाले. मावशीच्या नातीच्या लग्नाची तारीख मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळली.

आयुष्यभर पेशंटच्या उशाखालच्या अंगठ्या, पोथ्या, मळलेल्या नोटा मी नातेवाइकांच्या हाती मोजून सोपवल्या होत्या. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला झोप येईना. शेवटी मी पेन्शनमधून थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, सगळ्यांचा वाटा जमवला आणि बसनं काटोलला गेले.

मावशी ओसरीवर बसली होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं. "मावशी, हे तुमच्या सगळ्यांचे."

"आले काय वं सरकारचे?"

"नाही. सरकारकडून काही आलं नाही. हे माझे आहेत."

तिनं पाकीट मांडीवर ठेवलं.

"तुयेच हायत तं मले काहून देतं?" ती म्हणाली. मग हळू आवाजात, "म्हणजे तुयाजवळ होतेच ना, बाई. इतले दिवस."

स्टेटमेंट, तिमाही, पॅन, शटर, यातलं काय सांगितलं असतं तर तिला पटलं असतं? आतून सुनेनं विचारलं, चहा ठेवू का. मी नको म्हटलं.

बसस्टँडवर बराच वेळ उभी होते. नागपूरची एक बस समोरून निघून गेली, तरी मला चढायचं सुचलं नाही. त्यानंतर मी तिच्या घरी गेले नाही, आणि तिनंही बोलावलं नाही. सव्वीस एएस मी अजून अधूनमधून उघडते. त्यात सहलीची नोंद नाही.