सोळा तारखेचं आमंत्रण

सत्यभामाबाई माझ्या शेजारी राहत आणि पापड-लोणचं विकून घर चालवत. हे वाक्य त्यांचे यजमान त्र्यंबकराव यांच्या देखत कुणी बोललं असतं, तर ते पुढे आठवडाभर त्याच्याशी बोलले नसते. ते बालाघाटच्या कचेरीत बाबू. महिन्याचा पहिला पंधरवडा त्यांच्या पगाराचा आणि उरलेला सत्यभामाबाईंच्या पापडांचा, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. फक्त त्र्यंबकरावांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

दरवर्षी जानेवारीत मैदानावर प्रदर्शनी भरे. तिथे सत्यभामाबाईंचे पापड जायचे, पण महिला मंडळाच्या पाटीखाली. मंडळाच्या अध्यक्षा प्रेमलताबाई. त्यांना पोळपाट कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नसावं, पण पाहुणे आले की "आमचे पापड" म्हणून डबा त्याच पुढे करत. चौसष्ट साली सत्यभामाबाईंनी स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि त्यांना स्टॉल मिळाला. प्रेमलताबाई म्हणाल्या, "बघू या. नाही जमलं तर मंडळ आहेच." त्यातला गोडवा ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आता जमलं नाही, तर सत्यभामाबाई पुन्हा मंडळासाठी लाटत बसणार, तेही मान खाली घालून.

प्रदर्शनी सतरा ते चोवीस जानेवारी. सोळाच्या संध्याकाळी ज्यांनी त्यांनी आपापल्या बांधलेल्या गिऱ्हाइकांना आधी बोलवावं, अशी मुभा समितीने दिली होती. सत्यभामाबाईंचा बेत साधा होता. सोळाला जो चिठ्ठी घेऊन येईल त्याला रुपयामागे दहा पैसे सूट. चांगला माल आधी त्याला. तांदळाचे पापड, कुरड्या, सांडगी मिरची, जवसाची चटणी, कैरीचं लोणचं. मी म्हटलं, एवढंच लिहा, गिऱ्हाईक येतंय की नाही बघा.

पण लिहायला बसले त्र्यंबकराव. बायकोला लिहिता येत होतं, तरी लिहायचा मान त्यांचा.

"'माल घ्यायला या' असं लिहायचं? आपण काय वाणी आहोत? शोभते का?"

मग शोभेल असं लिहिलं गेलं. वर गणपती. खाली "सौभाग्यवतींनी सहकुटुंब अगत्य येऊन आम्हास उपकृत करावे." वस्तूंची नावं गाळून "घरगुती पदार्थांचा परिचय". सूट अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, "नियमानुसार सवलत" अशी. कशाच्या नियमानुसार, ते देवच जाणे. वर संक्रांतीचा महिना, म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर हळदीकुंकू लावलं आणि घरोघर अक्षता देऊन आले. कचेरीतल्या साहेबांकडे, वकिलांकडे, डॉक्टरांकडे. यातल्या निम्म्या घरांनी आयुष्यात सत्यभामाबाईंचा एक पापड विकत घेतला नव्हता.

जिजाबाईंचं नाव मात्र निघालंच नाही. बौद्ध वस्तीतल्या जिजाबाई आणि त्यांच्या शेजारणी वर्षभर लोणचं, चटणी नेत. रोख देत, घासाघीस करत नसत. सत्यभामाबाईंनी विचारलंही, "जिजाबाईले काहून नाही धाडत?"

"त्यांनी धर्म बदलला, त्यांना हळदीकुंकू कसं द्यायचं?" त्र्यंबकराव म्हणाले. जणू मोठा पेच त्यांनी सोडवला होता. जिजाबाईंकडून पैसे घेताना मात्र हा पेच वर्षभरात एकदाही पडला नव्हता. सत्यभामाबाई उरलेल्या चिठ्ठ्यांना कुंकू लावू लागल्या, आणि मला त्यांचाही राग आला.

सोळाची संध्याकाळ. बायका आल्या. पैठण्या, नथी, गजरे. पिशवी एकीच्याही हातात नव्हती. सर्वांत पुढे प्रेमलताबाई. त्यांनी स्टॉलसमोर येऊन कपाळ पुढे केलं. सत्यभामाबाई गोंधळल्या, मग शेजारच्या स्टॉलवरून कुंकवाची डबी मागून आणली. सुवासिनीने कपाळ पुढे केलं तर तिला परत कसं पाठवायचं? कुंकू लागलं. मग प्रेमलताबाईंनी ओटीला पदर धरला आणि म्हणाल्या, "वाण छान काढलंय हं या वर्षी." आणि पापडांचं पाकीट उचललं.

मी मदतीला गल्ल्यावर बसले होते, माझ्या हातात सुटे पैसे तसेच राहिले. मी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. एक शब्द बोलायचा होता, "याचे पैसे आहेत." तो त्यांच्या तोंडून निघेना. नुकतंच कुंकू लावलेल्या बाईकडे दाम मागायचे, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. दुसरीने लोणच्याची बरणी घेतली, तिसरीने कुरड्या. एकीने तर "धाकट्या जावेसाठीही" म्हणून आणखी एक पाकीट घेतलं. वकिलीणबाई तिळगूळ देऊन गेल्या, तेवढंच काय ते उत्पन्न. त्र्यंबकराव हात जोडून उभे होते आणि प्रत्येकीला "उपकृत झालो" म्हणत होते. मला वाटलं, त्यांचं तोंड सांडगी मिरचीने भरावं.

सतराला प्रदर्शनी उघडली तेव्हा आमच्या स्टॉलवर अर्ध्या फळ्या रिकाम्या. दुपारी जिजाबाई चार जणींसोबत समोरून गेल्या. थांबल्या नाहीत. सत्यभामाबाई स्टॉल सोडून मागे धावल्या, मीही गेले.

"जिजाबाई, घेऊन राह्यले नाही काही?"

"काल बलावलं होतं म्हणे समद्यांले." जिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "सूट होती म्हणे. आमचा पैसा खोटा हाय काय, बाई?"

सत्यभामाबाईंनी कारण सांगायचा प्रयत्न केला. हळदीकुंकू, धर्म, काय काय. जिजाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही कुकू-अक्षता मांगतच नाही. तारीख सांगायची, भाव सांगायचा. येवाचं का नाही ते आमी पाहू."

आम्ही परत आलो. रात्री सत्यभामाबाईंनी घरचा माल, पाहुण्यांसाठी ठेवलेला, अडचणीच्या दिवसांसाठी ठेवलेला, सगळा काढला आणि पाकिटं बांधली. सकाळी त्या एकट्या जिजाबाईंच्या वस्तीत गेल्या. चिठ्ठी नव्हती. दारोदार उभं राहून सांगितलं: आज दुपारी, मैदानावर, पापड, कुरड्या, मिरची, चटणी, लोणचं, रुपयामागे दहा पैसे कमी. जिजाबाईंच्या घरी त्यांनी पाणी मागितलं आणि प्यायल्या. हे मला नंतर जिजाबाईंनी सांगितलं. सत्यभामाबाईंनी कधीच नाही.

दुपारी बायका आल्या. पिशव्या घेऊन आल्या. चटणी चाखून पाहिली, मिरची तिखट आहे का विचारलं, लोणच्यात तेल कमी पडलंय असं तोंडावर सांगितलं आणि तरीही नेलं. पलीकडे मंडळाच्या स्टॉलवर प्रेमलताबाई एकट्याच खुर्चीत बसून होत्या. आमच्याकडे फळ्या पुन्हा रिकाम्या होत होत्या, पण या वेळी गल्ला वाजत होता.

तेवढ्यात त्र्यंबकराव कचेरीतून आले. गर्दी पाहिली, कोणाची आहे ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, सूट तर सोळापुरती होती. निमंत्रितांसाठी. यांना कशी देतेस?"

सत्यभामाबाईंनी जिजाबाईंच्या हातातून नोट घेतली, सूट धरून उरलेले पैसे त्यांच्या तळहातावर मोजून ठेवले, आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या,

"सोळाले पाव्हणे आले होते. गिऱ्हाईक आज आलं."